भाड्याचे यंत्र परस्पर विकले किंवा गहाण टाकले तर: मालकाच्या हक्काची पार्श्वभूमी

यंत्र भाड्याने घेणाऱ्याने ते मालकाला न विचारता विकले, तर तोटा सोसायचा कोणी? मालकाने, की पूर्ण किंमत मोजून प्रामाणिकपणे यंत्र घेतलेल्या तिसऱ्या माणसाने? भारतातील कायद्याने याचे आज दिसणारे उत्तर एका दमात दिलेले नाही.

१८७२ च्या करार कायद्यात मालाच्या विक्रीचे नियमही होते. त्यातील कलम १०८ चे मूळ तत्त्व मालकाच्या बाजूचे होते: विकणाऱ्याकडे जेवढा हक्क असेल, त्याहून अधिक हक्क तो घेणाऱ्याला देऊ शकत नाही. पण त्याच कलमाचा पहिला अपवाद फार सैल होता. मालकाच्या संमतीने माल ज्याच्या ताब्यात आहे, त्याने तो मालकाच्या सूचनेविरुद्ध विकला, तरी प्रामाणिक खरेदीदाराला मालकी मिळू शकेल, असे त्याचे शब्द होते. कलम १७८ ने गहाणाबाबतही असाच दरवाजा उघडा ठेवला होता. शब्दशः वाचले, तर भाड्याने वस्तू देणारा प्रत्येक मालक धोक्यात होता.

इंग्लंडमध्ये हाच प्रश्न दोन निकालांनी स्पष्ट झाला. १८९३ च्या ‘ली विरुद्ध बटलर’ खटल्यात फर्निचर घेणारी व्यक्ती हप्त्यांनी ते विकत घेण्यास बांधलेली होती, म्हणून तिच्याकडून घेणाऱ्याला हक्क मिळाला. १८९५ च्या ‘हेल्बी विरुद्ध मॅथ्यूज’मध्ये मात्र भाड्याने घेतलेला पियानो सावकाराकडे गहाण पडला होता. ३६ मासिक हप्ते भरल्यावर तो भाडेकऱ्याचा होणार होता. पण मध्येच परत करण्याची मुभा असल्याने विकत घेण्याचे बंधन त्याच्यावर नव्हते. तेव्हाचे तिथले सर्वोच्च न्यायालय असलेल्या हाउस ऑफ लॉर्ड्सने पियानो मूळ मालकाचाच ठरवला. करारावर नाव काय लिहिले आहे, यापेक्षा ‘घेणाऱ्यावर खरेदीचे बंधन आहे का’ हा प्रश्न त्या दिवसापासून निर्णायक झाला, आणि माझ्या मते भाडेकरार तपासताना आजही तोच सर्वांत आधी विचारायला हवा.

१९३० मध्ये मालविक्रीचा स्वतंत्र कायदा आला आणि कलम १०८ गेले. नव्या कलम २७ नुसार मालक नसलेल्याने केलेल्या विक्रीने मालकी जात नाही. मालकाने आपल्या वागण्यातून समोरच्याला विक्रीचा अधिकार असल्याचे भासवले असेल, किंवा विकणारा मालकाच्या संमतीने माल बाळगणारा व्यापारी दलाल असेल, तर गोष्ट वेगळी. कलम ३० चे अपवाद विकूनही माल ताब्यात ठेवलेल्या विक्रेत्यापुरते आणि खरेदीस बांधलेल्या ग्राहकापुरते आहेत. साधा भाडेकरू यांपैकी कशातच बसत नाही. केवळ यंत्र त्याच्या ताब्यात दिले, एवढ्यावरून मालकाने अधिकार भासवला असे होत नाही. यंत्र गमावलेल्या खरेदीदाराला आपले पैसे विकणाऱ्याकडूनच मागावे लागतात.

करार कायद्यातील गहाणाचे कलम १७८ देखील त्याच वर्षी आवळले गेले, पण तिथे एक बारीक फट राहिली आहे. त्याच कायद्याचे कलम १७९ म्हणते, ज्याचा मालात मर्यादित हक्क आहे, त्याने केलेले गहाण त्या हक्कापुरते वैध असते. समजा, भोसरीतील एका कारखानदाराने दरमहा ४०,००० रुपये भाड्याने ३६ महिन्यांसाठी सीएनसी लेथ घेतला. चौदावा महिना संपल्यावर त्याने तो एका सावकाराच्या गोदामात पोचवून सहा लाख उचलले. सावकाराच्या हाती जास्तीत जास्त काय आले? उरलेले २२ महिने यंत्र वापरण्याचा हक्क, तोही भाडे भरून आणि मूळ कराराच्या अटींसह. त्याच कायद्याच्या कलम १५३ नुसार वस्तू ताब्यात घेतलेला माणूस अटींविरुद्ध वागला, तर ती त्याच्याकडे सोपवण्याचा व्यवहार मालक रद्द करू शकतो. लेखी नोटीस देऊन त्याने तसे केले, की तो उरलेला हक्कही संपतो. सहा लाख फेडल्याशिवाय लेथ सोडणार नाही, असे सावकार मालकाला ऐकवू शकत नाही. यंत्र जागेवरच ठेवून केलेल्या नजरगहाणालाही हीच मर्यादा लागते, कारण कर्जदाराकडे नसलेली मालकी बँकेलाही मिळत नाही.

म्हणून वाद उभा राहिल्यावर कागद महत्त्वाचा ठरतो. मूळ बिल मालकाच्या नावावर आहे का, करारातील अनुक्रमांक यंत्राच्या पाटीवरील क्रमांकाशी जुळतो का, हे पाहिले जाते. पाटी उखडलेली असेल, तर घेणाऱ्याचा प्रामाणिकपणाही तपासाखाली येतो. मालक दिवाणी न्यायालयात नेमके तेच यंत्र परत मागू शकतो किंवा भरपाई मागू शकतो, आणि ते आणखी पुढे जाऊ नये म्हणून आधी मनाई हुकूम घेऊ शकतो. अप्रामाणिक हेतू असेल, तर फौजदारी विश्वासघाताची तक्रारही होते; १ जुलै २०२४ पासूनच्या घटनांना भारतीय न्याय संहितेचे कलम ३१६ लागते. रस्त्यावर नोंदणी होणाऱ्या बांधकाम यंत्रांना जास्तीचे संरक्षण आहे: मोटार वाहन कायद्याच्या कलम ५१ खाली नोंदणीपुस्तकात भाडेपट्ट्याची नोंद असली, तर मालकाच्या लेखी संमतीशिवाय हस्तांतराची नोंद होत नाही. लेथला असे पुस्तक नसते. त्याच्या बाबतीत मुदतीकडे लक्ष हवे: परस्पर विल्हेवाट लावलेली वस्तू परत मागण्याचा दावा, ती कोणाच्या ताब्यात आहे हे मालकाला प्रथम कळल्यापासून तीन वर्षांत करावा लागतो.