गुणाकाराशिवाय ६ मेगाहर्ट्झवरून २४० किलोहर्ट्झवर: सीआयसी फिल्टरची पार्श्वभूमी

एप्रिल १९८१ मध्ये आयट्रिपलईच्या एका नियतकालिकात युजीन होगेनॉअर यांचा आठ पानांचा लेख आला. शीर्षकातच ‘किफायतशीर’ या अर्थाचा शब्द होता आणि तो अगदी शब्दशः खरा होता. त्यांनी मांडलेल्या सीआयसी, म्हणजे कॅस्केडेड इंटिग्रेटर-कॉम्ब, फिल्टरला एकही गुणाकार लागत नाही आणि एकही सहगुणक साठवावा लागत नाही. आज डिजिटल रेडिओत किंवा सिग्मा-डेल्टा एडीसीत नमुन्यांचा वेग मोठ्या पटीत उतरवायचा असला, की पहिल्या पायरीला बहुतेक वेळा हाच फिल्टर दिसतो.

त्याआधी काय चालत होतं? डेसिमेशनचं, म्हणजे नमुन्यांचा वेग उतरवण्याचं, शास्त्र १९७० च्या दशकात चांगलंच पुढे गेलं होतं. वेग एकदम न उतरवता टप्प्याटप्प्यानं उतरवला तर फिल्टर लहान होतात, हे क्रोशिए आणि रॅबिनर यांनी १९७५ मध्ये दाखवलं होतं. पण पहिल्या टप्प्याची अडचण राहिलीच. तिथे नमुने सर्वांत वेगानं येतात, आणि त्या काळात वेगवान गुणक म्हणजे महागडा, वीज खाणारा भाग होता.

होगेनॉअर यांनी सुरुवात केली ती सगळ्यांना माहीत असलेल्या चालत्या सरासरीपासून. शेवटच्या R नमुन्यांची बेरीज हवी असेल तर दर वेळी R संख्या मिळवायची गरज नसते. नवा नमुना मिळवायचा आणि R जागा मागचा वजा करायचा. याचे दोन तुकडे होतात: सतत बेरीज करत राहणारा इंटिग्रेटर, आणि R नमुने मागचं मूल्य वजा करणारा कॉम्ब. आता R पैकी एकच नमुना ठेवायचा असेल तर कॉम्ब वेग उतरवल्यानंतर बसवता येतो. मग R नमुन्यांचा विलंब फक्त एका नमुन्याचा होतो आणि मधली सगळी मेमरी गळून पडते. असे N इंटिग्रेटर आधी, N कॉम्ब नंतर. संपूर्ण रचना एवढीच.

त्यांच्या लेखातलं उदाहरणच घेऊ. ६ मेगाहर्ट्झवरून २४० किलोहर्ट्झवर यायचं, म्हणजे R = २५. कामाची पट्टी ३० किलोहर्ट्झ. त्या पट्टीत दुमडून येणारं एलियासिंग किमान ६० डेसिबल दाबलेलं हवं आणि पट्टीच्या कडेला उतार ३ डेसिबलपेक्षा कमी हवा. चार टप्प्यांत, म्हणजे N = ४ ला, एलियासिंग सुमारे ६८.५ डेसिबल दबतं आणि कडेचा उतार ०.९ डेसिबल येतो. हाच प्रतिसाद सरळ एफआयआरनं, म्हणजे प्रत्येक नमुना सहगुणकानं गुणून बेरीज करणाऱ्या फिल्टरनं, काढायचा तर ९७ टॅप, म्हणजे ९७ सहगुणक लागतात. फक्त ठेवायचेच नमुने मोजले तरी सेकंदाला सुमारे २ कोटी ३३ लाख गुणाकार होतात. सीआयसीला सुमारे अडीच कोटी बेरजा-वजाबाक्या पुरतात. म्हणजे क्रियांची संख्या घटलेली नाही. महागड्या क्रियेच्या जागी स्वस्त क्रिया आली आहे. माझ्या मते या शोधाचं मर्म इथे आहे, आणि ते बऱ्याचदा चुकीचं सांगितलं जातं.

आता इंटिग्रेटरची भीती. इनपुटमध्ये थोडा जरी डीसी असला तरी इंटिग्रेटर फुगत जाणार आणि रजिस्टर भरून वाहणार. होगेनॉअर यांचं उत्तर असं, की खुशाल वाहू द्या. दोनच्या पूरक अंकगणितात संख्या गोल फिरतात आणि कॉम्बची वजाबाकीही त्याच चक्रावर होते. एकच टप्पा, R = ४, इनपुट कायम ५ आणि रजिस्टर ६ बिटांचं, म्हणजे −३२ ते ३१, असं धरून पाहा:

```
integrator: 5 10 15 20 25 30 -29 -24
kept:                20            -24
comb:       -24 - 20 = -44;  -44 + 64 = 20
```

सातव्या नमुन्याला ३५ ऐवजी −२९ दिसलं, तरी उत्तर बरोबर २० आलं. मात्र कुणी ‘सुरक्षित’ म्हणून बेरजेला सॅच्युरेशन लावलं तर इंटिग्रेटर ३१ वर अडकतो आणि आउटपुट २०, ११, ०, ० असं मरत जातं. सुरुवातीला ठीक आणि मग शून्य, असं सिम्युलेशनमध्ये दिसलं तर आधी तिथेच बघावं. फ्लोटिंग पॉइंटही इथे चालत नाही. गोलाईची चूक इंटिग्रेटरमध्ये शिरली की ती कधीच बाहेर पडत नाही.

अट एकच: अंतिम उत्तर मावेल एवढी रुंदी प्रत्येक रजिस्टरला हवी. डीसीला लाभ R चा N वा घात असतो, म्हणून रुंदी अशी निघते:

```
B = Bin + ceil(N * log2(R))
16 + ceil(4 * log2(25)) = 16 + 19 = 35
```

शेवटी १६ बिटच हवे असतील तर खालचे १९ टाकावे लागतात. मग ते आधीपासूनच थोडे थोडे का टाकू नयेत? प्रत्येक टप्प्यावरच्या छाटणीचा गोंगाट आउटपुटला किती पोहोचतो, याचा हिशोब होगेनॉअर यांनी मांडला. त्यानुसार चार इंटिग्रेटरांमध्ये अनुक्रमे १, ६, ९ आणि १३ खालचे बिट सोडता येतात. पहिला इंटिग्रेटर जवळपास पूर्ण रुंद ठेवावा लागतो, कारण त्याच्यातली चूक पुढे सगळीकडून वाढत जाते. वरचे बिट मात्र कुठेही कापायचे नाहीत. इथे अजून एक गोष्ट नवख्यांना चकवते. २५ चा चौथा घात ३,९०,६२५ येतो आणि छाटणी २ च्या १९ व्या घाताने, म्हणजे ५,२४,२८८ ने, होते. त्यामुळे आउटपुट सुमारे २.६ डेसिबल खाली दिसतं. ही गळती नव्हे. दोनच्या घातात न बसलेला उरलेला लाभ आहे.

पट्टीतला उतार हे या स्वस्ताईचं मोल आहे. चौकोनी सरासरीचा वारंवारता-प्रतिसाद सिंकसारखा असतो आणि त्याला सपाट माथा नसतो. कामाची पट्टी दुप्पट, म्हणजे ६० किलोहर्ट्झ केली, तर कडेचा उतार सुमारे ३.६ डेसिबलवर जातो आणि एलियासिंग फक्त ४२ डेसिबल दबतं. टप्पे वाढवले की एलियासिंग जास्त दबतं, पण उतार आणि बिट दोन्ही वाढतात. म्हणून सीआयसी एकटा राहत नाही. नमुने मंद झाल्यावर त्याच्यामागे भरपाईचा एक छोटा एफआयआर बसतो. वरच्या उदाहरणाला तीन टॅप पुरतात:

```
-3/16   11/8   -3/16
```

३० किलोहर्ट्झपर्यंत ०.९ डेसिबलचा उतार ०.०३ डेसिबलच्या आत येतो, आणि हे सहगुणकही नुसत्या शिफ्ट-बेरजेत होतात. हॅरिस कंपनीच्या एचएसपी४३२२० या चिपमध्ये हीच जोडी होती: आधी १०२४ पटींपर्यंत वेग उतरवणारा सीआयसी धाटणीचा भाग, मागे १६ पटींपर्यंतचा एफआयआर. १९९७ मध्ये क्वेन्टस, जियांग आणि विल्सन यांनी वेगळी वाट घेतली. कायझर आणि हॅमिंग यांनी १९७७ मध्ये सुचवलेली, तोच फिल्टर पुन्हा पुन्हा वापरून प्रतिसाद धारदार करण्याची युक्ती त्यांनी सीआयसीला लावली.

बिटांची वाढ मात्र कुठल्याही भरपाईनं टळत नाही. R = १००० आणि N = ४ ला १६ बिटांचे ५६ होतात, आणि ती बेरीज सर्वांत वेगवान घड्याळावर एका फेरीत करायची असते. एफपीजीएमधला ४८ बिटांचा तयार ॲक्युम्युलेटर तिथे तोकडा पडतो. एसटीएम३२ मायक्रोकंट्रोलरच्या डीएफएसडीएम भागातही हेच दिसतं. तिथले रजिस्टर ३२ बिटांचे. तीन टप्पे निवडले तर सेटिंगच्या कमाल १०२४ पटींपर्यंत जाता येतं, पण रजिस्टरमुळे चार टप्प्यांना २१५ पर्यंत आणि पाचांना फक्त ७३ पर्यंत. ७३ चा पाचवा घात २०७ कोटींच्या आसपास येतो आणि ३१ बिटांत जेमतेम मावतो. ७४ चा मावत नाही.