साखळीचा 666 आणि उलटलेले दोन अंक

गोवा विधानसभेच्या 2022 च्या निकालात साखळी मतदारसंघात प्रमोद सावंत यांना 12,250 आणि धर्मेश सगलानी यांना 11,584 मते मिळाली. मताधिक्य 666. हा बायबलातल्या श्वापदाचा आकडा ऐकून काहींच्या भुवया उंचावतील, पण त्या श्वापदाचा इथे काही संबंध नाही. ती साधी वजाबाकी आहे. तक्ता वाचताना ती प्रत्येक ओळीत करून पाहावी. खरी मजा मात्र टक्केवारीत आहे.

गोव्यातल्या मतदारसंघाएवढा एक काल्पनिक तक्ता घेऊ. अ 9,846, ब 9,418, क 2,150, इतर 710, नोटा 276, एकूण 22,400. अ ला 43.96 टक्के, ब ला 42.04 टक्के, मताधिक्य 428. टक्क्यांची वजाबाकी येते 1.92. पण 428 भागिले 22,400 केले तर 1.91! तक्ता चुकला? नाही. अ चे खरे टक्के 43.955, ते वर ढकलले गेले. ब चे 42.045 पेक्षा किंचित कमी, ते खाली आले. दोन पूर्णांकनांमुळे 0.01 चा फरक पडू शकतो. तेवढ्यावरून बोंब मारू नये.

आता समजा, टंकताना ब ची मते 9,481 झाली. बेरीज 22,463 येते, म्हणजे छापलेल्या एकूणपेक्षा 63 जास्त. 63 ला 9 ने भाग जातो. शेजारचे दोन अंक उलटले की फरक नेहमी 9 च्या पटीत येतो, हे जुन्या हिशेबनिसांना पाठ असते. पण उलटले कुणाचे? इथे टक्के साक्ष देतात. बाकी सगळ्यांचे टक्के त्यांच्या मतांशी जुळतात. ब चे 9,481 मात्र 42.33 टक्के होतात, छापलेत 42.04. उलट गणित करा: 22,400 मतांत 0.01 टक्का म्हणजे सव्वादोन मते, म्हणून 42.04 मध्ये 9,416, 9,417 किंवा 9,418 एवढेच बसतात. त्यातून 428 चे मताधिक्य 9,418 लाच उचलते. दोन लाख मतांच्या मतदारसंघात याच दोन दशांश स्थळांत वीसेक मते लपतात. गोव्याचे छोटे मतदारसंघ तपासायला म्हणूनच सोपे.

सगळेच टक्के एका दिशेने थोडे चढे दिसले तर मतांवर संशय घेण्याआधी छेद पाहा. निवडणूक आयोगाच्या निकालपानावर नोटा धरून टक्के काढतात. अनामत रक्कम वाचवायला लागणारा एक षष्ठांश मात्र नोटा वगळून, वैध मतांवर मोजतात. आपल्या तक्त्यात नोटा वगळली की छेद 22,124 होतो आणि अ चे 43.96 चे 44.50 होतात. मते तीच, सगळ्यांचे टक्के मूळ आकड्याच्या सुमारे सव्वा टक्क्याने फुगलेले.

एका ठिकाणी ही युक्ती हात टेकते. चुकीचे 9,481 स्प्रेडशीटमध्ये भरले आणि एकूण, टक्के, मताधिक्य सगळे सूत्रानेच काढले, तर तक्ता आतून बिनचूक जुळतो आणि तरी खोटा असतो. मग मतदान केंद्रनिहाय मतांचा तक्ता असलेला फॉर्म 20 उघडून ब चा रकाना बेरजेला घ्यावा लागतो.