मुलाखतीतल्या वाक्याची रील करायला देण्याआधी

पॉडकास्ट किंवा मुलाखतीतलं एखादं वाक्य, त्यावर आवाजाबरोबर उमटणारी अक्षरं आणि मागे एकच दमदार फोटो, अशा छोट्या उभ्या रील आम्ही करून देतो, हे तुम्हाला माहीतच आहे. जळगाव, भुसावळ, चोपड्यापासून धुळ्यापर्यंतचे ग्राहक आमच्याकडे येतात, आणि बहुतेकांचं काम एकाच ठिकाणी अडतं. अडतं ते तुम्ही टाइप करून पाठवलेल्या वाक्यामुळे.

पाहुणा बोलतो एक आणि कागदावर येतं दुसरंच. लिहायला बसलं की आपल्या सगळ्यांच्याच अंगात शाळेचा निबंध येतो. समजा, केळीवरच्या पॉडकास्टमध्ये रावेरकडचे एक जुने शेतकरी बोलत आहेत (उदाहरण आम्ही रचलेलं आहे, पण येणारी कामं अशीच असतात). ते म्हणतात:

«म्हणजे कसं असतं ना, घड, आता, घड मोठा दिसला की आपण खूश. पण व्यापारी घड पाहत नाही हो, फणी पाहतो. फणीला डाग दिसला की भाव पडला. मग घड केवढा का असेना.»

आणि आम्हाला निरोप येतो: «४२व्या मिनिटाला आहे. मजकूर असा घ्या: केळी उत्पादकांनी घडाच्या आकारापेक्षा फळाच्या गुणवत्तेवर लक्ष केंद्रित करणे ही काळाची गरज आहे.»

या वाक्यात चूक काही नाही, पण ते त्या माणसाचं नाही. कानाला ‘फणी पाहतो’ ऐकू येतं आणि डोळ्यांसमोर ‘लक्ष केंद्रित करणे’ येतं. पाहणारा क्षणभर गोंधळतो आणि बोट वर सरकवतो.

यात आमचा वेळ कुठे जातो तेही सांगतो. अक्षरं आम्ही अंदाजाने सोडत नाही. आवाजाची लहर पडद्यावर उघडून प्रत्येक शब्द कुठे सुरू होतो तिथे खूण करतो आणि तो शब्द त्याच खुणेवर किंवा एखाद-दोन फ्रेम आधी आणतो. सेकंदाला २५ फ्रेम धरल्या तर दोन फ्रेम म्हणजे ०.०८ सेकंद. याहून फार आधी शब्द दिसला तर प्रेक्षक तो वाचून मोकळा होतो आणि बोलणाऱ्याच्या वाक्यातली गंमत जाते. उशिरा आला तर रील बिघडल्यासारखी वाटते. म्हणून शेवटी आलेलं ‘फक्त एक शब्द बदला’ एका शब्दावर थांबत नाही. पुढच्या खुणा, ओळींची मांडणी, पडद्यावर राहण्याचा वेळ, सगळं सरकतं.

त्यामुळे आमची पद्धत अशी आहे. तुम्ही मूळ फाइल आणि अंदाजे वेळ द्यायची. आम्ही ऐकून, जसं बोललं गेलं तसा उतारा काढतो, काय कापणार तेही खुणेने दाखवतो आणि तुम्हाला पाठवतो. तुम्ही ‘ठीक’ म्हटलं की अ‍ॅनिमेशन सुरू. त्यानंतर मजकूर बदलला तर जादा आकार लागतो. काहींना हे कडक वाटतं. पण या टप्प्यावर तुमची दहा मिनिटं गेली तर पुढे दोघांचा दिवस वाचतो, आणि उताऱ्याचे आम्ही वेगळे पैसे घेत नाही.

वरच्या उदाहरणात आम्ही काय करू ते पाहा. ‘म्हणजे कसं असतं ना’ जाईल, अडखळलेलं पहिलं ‘घड, आता’ जाईल. ‘हो’ मात्र ठेवू, कारण त्यातच तो माणूस आहे. राहिले २५ शब्द, साधारण ११-१२ सेकंद. पहिलं वाक्य दोन ओळींत. मग ‘पण व्यापारी घड पाहत नाही हो’ एवढंच, आणि ते थांबतात तिथे आपणही थांबायचं. पडदा तसाच राहील. नंतर ‘फणी पाहतो’ हे दोनच शब्द, मोठे, पिवळ्या रंगात. रंग संपूर्ण रीलमध्ये या एकाच ठिकाणी. प्रत्येक ओळीला रंग द्या असा आग्रह असतो, पण तसं केलं की नजर कुठेच थांबत नाही.

‘पण’वरून एक सांगतो. वाक्य ‘पण’च्या आधी तोडून मागू नका. ‘घड मोठा दिसला की आपण खूश’ एवढंच घेतलं तर पाहुण्याच्या तोंडी उलटंच मत जाईल. दोन लांबच्या ठिकाणची वाक्यं जोडून अर्थ बदलत असेल तर ते काम आम्ही घेत नाही.

अक्षरं एकेक करून टाइपरायटरसारखी का येत नाहीत, हेही बरेच जण विचारतात. इंग्रजीत ते शोभतं. देवनागरीत ‘कि’ लिहिताना आधी क आणि मग वेलांटी साठवली जाते, पण दिसताना वेलांटी क च्या आधी येते. अक्षर-अक्षर फोडलं की वेलांट्या उड्या मारतात, जोडाक्षरं सुटतात, शिरोरेषा तुटते. म्हणून आम्ही पूर्ण शब्द आणतो.

पाहुणे अहिराणीत बोलले असतील तर पडद्यावर अहिराणीच राहील. वर प्रमाण मराठी चढवली की पुन्हा तोच कान आणि डोळ्यांचा घोळ. पुण्या-मुंबईच्या प्रेक्षकांसाठी हवं असेल तर खाली लहान अक्षरात मराठी ओळ देऊ. अहिराणी उतारा मात्र घरातल्या जाणत्या माणसाला दाखवून मगच ‘ठीक’ कळवा, कारण गावागणिक बोली बदलते.

आता फोटो. सत्काराचा, शाल-श्रीफळ आणि बारा माणसांचा फोटो कृपा करून नको. वरच्या रीलला आम्ही फणी उलटून पाहणाऱ्या हाताचा जवळून काढलेला फोटो मागू: डाग मधोमध, वर गर्द पानांची मोकळी जागा. अक्षरं त्या मोकळ्या जागेत बसतात. खालचा भाग आणि उजवी कड रिकामी ठेवावी लागते, कारण तिथे खात्याचं नाव, मथळा आणि बटणं येतात. फोटो पूर्ण वेळ हळूहळू डागाकडे सरकतो, सुरुवातीपेक्षा शेवटी दहा टक्के मोठा. रील १०८० बाय १९२० पिक्सेलची असते, म्हणून फोटो त्याहून मोठा लागतो. डीपीवरून उचललेला चालत नाही. गुगलवरून उचललेलाही नाही, तो कुणाच्या तरी मालकीचा असतो. तुमच्याकडे नसेल तर आमचा माणूस शेतात येऊन काढून देतो, त्याचा दर दुकानात विचारा.

फाइल पाठवताना व्हॉट्सअ‍ॅपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा किंवा ड्राइव्हची लिंक द्या. नेहमीसारखा व्हिडिओ म्हणून पाठवला की तो दाबला जातो. मे महिन्यात कूलर बंद ठेवून बोला असं जळगावात कुणाला सांगणार? पण निदान नोंदवायचं ते वाक्य होईपर्यंत तरी बंद ठेवा. घरघर आम्ही कमी करतो, पण फार काढली की आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो. अशी फाइल आली तर काम घेण्याआधी फोन करून सांगतो.