फोन झाला, पण मेसेज का थांबला नाही?

आमच्याकडून ग्राहकांना आपोआप मेसेज पाठवणारं ऑटोमेशन बसवून घेतलेल्या जवळपास प्रत्येकाने आम्हाला हा प्रश्न कधी ना कधी विचारला आहे, म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

लातूरला डाळमिलची यंत्रं बनवणारे आमचे एक ग्राहक आहेत. चौकशी करणाऱ्याच्या प्रत्येक कृतीला सिस्टिम गुण देते. त्यांच्याकडे उदगीरच्या एका मिलवाल्याने सोमवारी रात्री माहितीची पीडीएफ उतरवली (५ गुण), दराचं पान दोनदा पाहिलं (१०-१० गुण) आणि ताशी किती क्विंटल माल काढायचा हे फॉर्ममध्ये भरलं (३० गुण). एकूण ५५ झाले. त्यांची हद्द ५० ची आहे, त्यामुळे ही लीड, म्हणजे होऊ शकणारा ग्राहक, लगेच सेल्सच्या मुलाकडे गेली. त्याने मंगळवारी फोन केला, भाव सांगितला आणि गुरुवारी दुपारी येतो म्हणाला. सगळं बरोबर केलं, फक्त ग्राहकांच्या नोंदी ठेवणाऱ्या सीआरएममध्ये ‘सोपवली’ची ‘स्वीकारली’ करायची राहिली. गुरुवारी सकाळी मिलवाल्याला मेसेज गेला: ‘दर पाहिलात? या आठवड्यात ५ टक्के सूट.’ दुपारी मुलगा पोचला, तर मिलवाल्याने मोबाइलच पुढे धरला. सूट द्यावीच लागली.

मग ५० गुण होताच मेसेज कायमचे बंद का करत नाही, असं तुम्ही म्हणाल. सुरुवातीला आम्ही तसंच करायचो. पण मुलगा सुटीवर गेला किंवा यादी बघायची राहिली, की लीड कुणाचीच राहत नसे. ना मेसेज, ना फोन. म्हणून आता मेसेज दोन दिवस थांबतात. तेवढ्यात कुणी ‘स्वीकारली’ केलं तर कायमचे थांबतात, नाहीतर पुन्हा सुरू होतात. आमच्या मते हेच बरं. फोन ठेवला की आधी खूण, मग चहा, एवढी सवय मुलांना लावा.

लीड कच्ची निघाली तर ती तशीच सोडू नका. ‘परत’ करा आणि कारण निवडा. गुण २० वर येतात आणि माहितीचे मेसेज पुन्हा सुरू होतात. ‘प्रोजेक्टसाठी माहिती हवी होती’ हे कारण सारखं येऊ लागलं, तर आम्ही पीडीएफचे गुण कमी करतो. कारणच नसेल तर आम्हाला काय कळणार?

आणखी एक: ईमेल उघडल्याचे गुण आम्ही देत नाही. २०२१ पासून ॲपलचं मेल ॲप, ग्राहकाने त्यातली गोपनीयतेची सोय चालू ठेवली असेल तर, मेलमधली चित्रं स्वतःच आधी उतरवून घेतं. मेल उघडल्याची नोंद चित्र उतरण्यावरूनच होते, त्यामुळे न वाचलेला मेलही उघडल्यासारखा दिसतो.

बसवल्यानंतर पहिले तीन महिने आम्ही दर सोमवारी अडकलेल्या लीडची यादी पाठवतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत. पुढे ती तुम्हालाही काढता येते: ‘सोपवली’ हा फिल्टर लावा आणि तारीख दोन दिवसांपेक्षा जुनी ठेवा. यादीत नावं आली, तर मुलांना विचारा आणि मगच आम्हाला फोन करा.