डावा कान खराब, की उजवा मेंदू?

दोन माणसांची तक्रार एकच आहे असं समजा: 'डावीकडून कुणी हाक मारली की नेमकी कुठून ते कळत नाही.' पहिली पस्तिशीतली बाई, कानातलं सर्वांत छोटं हाड म्हणजे रिकीब हळूहळू घट्ट बसत चाललेली (ओटोस्क्लेरोसिस). दुसरे साठीचे गृहस्थ, मेंदूच्या उजव्या टेम्पोरल लोबला, म्हणजे कानाजवळच्या भागाला, स्ट्रोक येऊन गेलेला. दोघंही डाव्या कानावर बोट ठेवतात, पण दोष वेगवेगळ्या ठिकाणी आहे.

बाईंचं आधी पाहू. हवेतला आवाज द्रवावर थेट आपटला तर बहुतेक सगळा परत फिरतो. पाण्याच्या पृष्ठभागाचं गणित केलं तर जेमतेम ०.१ टक्का आत जातो, म्हणजे ३० डेसिबलचं नुकसान. (कॉक्लिया या आतल्या कानातल्या शंखासारख्या भागातला द्रव उघड्या पाण्याइतका हटवादी नसतो, म्हणून हा आकडा ढोबळच धरायचा.) यावर उपाय म्हणजे कानाच्या पडद्यामागची तीन हाडं: हातोडा, ऐरण आणि रिकीब. पडद्याचा कामाचा भाग सुमारे ५५ चौरस मिलिमीटर, रिकिबीच्या पायाचा ३.२, म्हणजे दाब १७ पट. हातोड्याचा दांडा ऐरणीच्या दांड्यापेक्षा लांब, त्या तरफेचे आणखी १.३ पट. एकूण साधारण २२ पट, म्हणजे २७ डेसिबल. याला बरेचजण 'अँप्लिफायर' म्हणतात, आणि ते मला खटकतं. हाडं एक कणभरही ऊर्जा घालत नाहीत. ती फक्त हवेची मोठी पण हलकी हालचाल घेऊन द्रवाला छोटी पण जोरकस हालचाल देतात.

रिकीब अडली की हा व्यवहार थांबतो. डाव्या कानात ४० डेसिबल कमी पोचतात असं धरू. आवाज कुठून आला हे मेंदू दोन कानांची तुलना करून ठरवतो. उंच पट्टीच्या आवाजांना डोकं अडवतं, दूरच्या कानात ते २० डेसिबलपर्यंत मंद होतात, आणि हा जोराचा फरक कामी येतो. खालच्या पट्टीचे आवाज डोक्याला वळसा घालून जातात. तिथे वेळेचा फरक बघावा लागतो, जो जास्तीत जास्त ०.६५ मिलिसेकंद असतो. आता डावीकडून आलेला आवाजही डाव्याच कानात मंद, म्हणून जोराची तुलना सांगते, 'उजवीकडे'. वेळेच्या तुलनेनं तरी सावरावं, तर या आजारात सुरुवातीला खालच्याच पट्ट्या जास्त बुडतात. दोन्ही आधार एकदम डळमळतात. मेंदूचा हिशेब चोख असतो. त्याच्याकडे आलेली एक बाजूच खोटी असते.

गृहस्थांच्या बाबतीत उलटं. दोन्ही कानांचा माल व्यवस्थित पोचतो, ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याच्या चाचणीचा आलेख, वयाला साजेसा येतो. कारण कानाची नस मेंदूत जिथे पहिल्यांदा पोचते त्या कॉक्लियर न्यूक्लियसनंतर मार्ग एका कानाचा राहत नाही. तिथून तंतू दोन्ही बाजूंच्या सुपीरियर ऑलिव्ह या मेंदूच्या खोडातल्या केंद्राला जातात. त्याचा मध्यभाग वेळ तोलतो, बाजूचा भाग जोर. पुढे इन्फिरियर कॉलिक्युलस आणि मेडियल जेनिक्युलेट ही वाटेतली ठाणी, आणि शेवटी मेंदूचा बाहेरचा थर म्हणजे कॉर्टेक्स, प्रत्येक बाजूला दोन्ही कानांची बातमी घेऊन. म्हणून एका बाजूच्या कॉर्टेक्सला इजा झाली म्हणून कान बहिरा होत नाही. पण उजवा कॉर्टेक्स मुख्यतः डाव्या बाजूच्या जागेचा हिशेब ठेवतो, आणि तो विस्कटतो. उजवीकडच्या इजेत कधीकधी दोन्ही बाजूंचा.

खरी फसगत इथे आहे: दोन कानांत एकाच वेळी वेगळे शब्द ऐकवले तर या गृहस्थांचे डाव्या कानातले शब्द गळतात. घरच्यांना वाटणारच, डावा कान गेला. पण उजवा बंद ठेवून डाव्यात तेच शब्द द्या, सगळे बरोबर सांगतील. बाईंना मात्र एकेकटा कान तपासला तरी डावीकडे कमीच ऐकू येईल.

आणखी सोपी खूण ५१२ हर्ट्झच्या ट्यूनिंग फोर्कची. तो कपाळाच्या मध्यावर टेकवला की बाईंना आवाज डावीकडे, म्हणजे बिघडलेल्याच कानात, मोठा वाटतो. पहिल्यांदा पाहणारा विद्यार्थी इथे हमखास चुकतो. कवटीतून कंप थेट कॉक्लियाला जातो, रिकिबीची गरजच पडत नाही, आणि त्या कानात खोलीतला गोंगाटही कमी शिरतो. कानामागच्या हाडावर टेकवलेला फोर्कही त्यांना डाव्या कानासमोर धरलेल्यापेक्षा मोठा ऐकू येतो. गृहस्थांना कपाळावरचा आवाज मधोमध.

एक अपवाद लक्षात ठेवायचा. स्ट्रोक खाली, थेट कॉक्लियर न्यूक्लियसवर आला, तर मार्ग अजून एकाच कानाचा असतो आणि तो कान खरोखर बहिरा होतो. तेव्हा कपाळावरचा फोर्क चांगल्या कानात ऐकू येतो, आणि हाडातून दिलेला आवाजही त्या बाजूला पोचत नाही.