पट्टा-घर्षण (स्थिर दंडगोलावरील)

न फिरणाऱ्या दंडगोलाला गुंडाळलेला पट्टा किंवा दोर घसरू पाहतो, तेव्हा त्याच्या दोन टोकांच्या ताणांत घर्षणामुळे पडणारा फरक. ऑयलर व आयटेलवाइन यांच्या नावाने ओळखले जाणारे त्याचे सूत्र असे:

T₁ / T₂ = e^(μβ)

T₁ हा ओढणाऱ्या बाजूचा मोठा ताण, T₂ हा धरून ठेवणारा लहान ताण, μ घर्षणांक आणि β वेढ्याचा कोन, रेडियनमध्ये. अंशांतला कोन तसाच घातला की उत्तर भलतेच येते. एक पूर्ण वेढा म्हणजे २π, अर्थात ६.२८ रेडियन.

ताण घातांकी का बदलतो? दोराचा बारीकसा तुकडा खुंट्याला जितका आवळतो, तितके तिथले घर्षण. आणि आवळणे ताणावरच अवलंबून असते. म्हणून प्रत्येक तुकडा ताणाचा ठरावीक अंश कमी करतो, ठरावीक न्यूटन नव्हे. खुंट्याची त्रिज्या सूत्रात येतच नाही. जाड खुंटा जास्त धरतो हा समज चुकीचा आहे.

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात ओहोटीच्या ओढीने एक ट्रॉलर धक्क्यावरच्या लोखंडी खुंट्याचा दोर ४,००० न्यूटनने, म्हणजे सुमारे ४०० किलोच्या वजनाइतका, ताणतो असे धरू. μ = ०.२५ घेतल्यास एका वेढ्याला गुणोत्तर ४.८ येते आणि खलाशाला ८३२ न्यूटन लावावे लागतात. एकट्याला ते झेपणार नाही. दोन वेढ्यांना गुणोत्तर २३ आणि धरायला १७३ न्यूटन, म्हणजे साधारण साडेसतरा किलो. खलाशी खुंट्याच्या पलीकडे न राहता होडीच्याच बाजूला येऊन दोर धरत असेल, तर अर्धा वेढा वाढतो आणि ७९ न्यूटन पुरतात. दोर खुंट्याला टेकतो तिथपासून सुटतो तिथपर्यंतचाच कोन मोजायचा असतो.

हे १७३ न्यूटन म्हणजे किमान बळ. त्याच दोन वेढ्यांवरून ट्रॉलर ओढून आणायचा तर घर्षण उलट बाजूला लागते आणि ४,०००च्या २३ पट, म्हणजे सुमारे ९२,६०० न्यूटन लागतील. या दोन आकड्यांच्या मधे कितीही ओढले तरी दोर हलत नाही, आणि तेव्हा वरचे समीकरण लागूच पडत नाही. ते फक्त घसरण्याच्या काठावरचे आहे.

खरा घात μ करतो, कारण तो घातांकात बसलेला आहे. खुंट्यावर शेवाळ किंवा माशांचे तेल बसून तो ०.१५ झाला, तर दोन वेढ्यांचे गुणोत्तर ६.६ वर उतरते आणि धरायला ६०७ न्यूटन लागतात. तिसरा वेढा दिल्यावर ते २३७ वर येतात. दोर एकदा घसरू लागला की गतिज घर्षणांक आणखी कमी असल्याने तो सहज थांबत नाही. नायलॉनचा दोर तापून वितळतो आणि घासलेल्या जागी चकाकी येते. अशी चकाकी दिसली तर वेढे कमी पडले होते असे समजावे. वेढे एकमेकांवर चढले तर मात्र दोर अडकून बसतो, आणि सोडायच्या वेळी सुटत नाही. सूत्र त्याबद्दल काही सांगत नाही.