व्हीपीएन लावल्यावर व्हिडिओ सुरळीत चालतो, यावरून नेमकं काय सिद्ध होतं?

रात्री नऊला व्हिडिओ अडखळतो, व्हीपीएन सुरू केला की लगेच सुरळीत होतो. त्यावरून ‘इंटरनेट कंपनी मुद्दाम वेग कमी करते’ असा निष्कर्ष निघतो. कधी तो बरोबर असतो, कधी साफ चुकतो, कारण व्हीपीएन एकाच वेळी दोन गोष्टी बदलतो. पहिली, तुमच्या वाहतुकीत काय आहे हे कंपनीला दिसेनासं होतं. दुसरी, ती वाहतूक वेगळ्या वाटेने जाऊ लागते. या दोहोंतला फरक लोकांच्या लक्षात यायला अमेरिकेत काही वर्षं आणि दोन मोठे वाद लागले.

पहिला वाद २००७ चा. कॉमकास्ट ही अमेरिकेतली मोठी केबल कंपनी. केबलच्या जाळ्यात एका भागातली सगळी घरं अपलोडची अरुंद वाट वाटून घेतात, आणि टॉरंटवर फाइल सतत देत राहणारा ग्राहक नेमकी तीच वाट भरून टाकतो. यावर कॉमकास्टने सँडव्हाइन या कंपनीची यंत्रणा बसवली. ती वेग कमी करत नव्हती, जोडणीच तोडत होती. दोन संगणक बोलत असताना मधली यंत्रणा दोघांनाही खोटं ‘रीसेट’ पॅकेट पाठवायची. प्रत्येकाला वाटायचं की समोरच्यानेच फोन ठेवला. रॉब टोपोल्स्की या नेटवर्क तंत्रज्ञाने आपल्या जोडणीवरची पॅकेट तपासून हे पकडलं. ऑक्टोबर २००७ मध्ये असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने बायबलची फाइल टॉरंटवर देऊन पाहिली आणि तिलाही तोच अनुभव आला.

ही खूण आजही वायरशार्क या पॅकेट तपासण्याच्या प्रोग्रॅममध्ये शोधता येते. फिल्टर एवढाच:

```
tcp.flags.reset == 1
```

एखाददुसरं रीसेट येणं नेहमीचंच आहे. पण दोन्ही टोकांना एकाच वेळी पॅकेट पकडली आणि दोन्हीकडे समोरून रीसेट आलेलं दिसलं, मात्र कोणत्याच टोकाने ते पाठवलेलं नसलं, तर ते मधल्या कुणाचं तरी काम आहे. व्हीपीएनच्या बोगद्यात हा डाव चालत नाही. खोटं रीसेट मान्य व्हायला पोर्ट आणि अनुक्रमांक बरोबर जुळावे लागतात, आणि ते तर आत कुलूपबंद असतात. म्हणजे या प्रकरणापुरता व्हीपीएन हा चांगला साक्षीदार होता.

१ ऑगस्ट २००८ ला तिथल्या दूरसंचार आयोगाने, एफसीसीने, कॉमकास्टविरुद्ध निर्णय दिला. ६ एप्रिल २०१० ला न्यायालयाने तो रद्द केला. मधल्या काळात कंपनीने पद्धतच बदलली होती. ग्राहक कोणती सेवा वापरतोय याच्याशी आता तिला देणंघेणं नव्हतं. भागातली वाट भरत आली आणि एखादा ग्राहक आपल्या ठरलेल्या वेगाच्या ७० टक्क्यांहून जास्त वापर १५ मिनिटं करत राहिला, की त्याची वाहतूक काही काळ रांगेत मागे जायची. अशा ठिकाणी व्हीपीएन लावून काहीच बदलत नाही, कारण मोजमाप ग्राहकाचं होतं, सेवेचं नाही. आपल्याकडे एफयूपीची मर्यादा संपल्यावर वेग उतरतो तेव्हाही व्हीपीएन उपयोगी पडत नाही, त्याचं कारण हेच.

दुसरा वाद २०१४ चा, आणि गैरसमज इथूनच रुजला. जुलैमध्ये व्हेरायझन या अमेरिकी दूरसंचार कंपनीच्या ७५ एमबीपीएस फायबरवरच्या एका ग्राहकाने नेटफ्लिक्सची चाचणीफीत लावली. या फितीत पडद्यावरच वेग दिसायचा. तो ३७५ केबीपीएस दिसला. व्हीपीएन लावला, तर आकडा ३,००० वर गेला. व्हीपीएनमुळे खरं तर वेग थोडा कमी व्हायला हवा, इथे तो आठपट वाढला. पाहणाऱ्यांना वाटलं, पुरावा मिळाला.

पण त्या वेळी वाद होता तो जाळी जिथे एकमेकांना जोडली जातात त्या जागांचा. नेटफ्लिक्सचा बराच माल लेव्हल ३ सारख्या वाहतूकदारांकडून व्हेरायझनच्या सीमेवर यायचा आणि तिथले पोर्ट, म्हणजे दोन जाळ्यांमधली दारं, संध्याकाळी तुडुंब भरायचे. लेव्हल ३ चं म्हणणं होतं की काही पोर्ट वाढवले की प्रश्न मिटेल. व्हेरायझनचं म्हणणं, नेटफ्लिक्सने गर्दीची वाट निवडली. व्हीपीएनची वाहतूक दुसऱ्याच दाराने आत यायची, म्हणून ती मोकळी होती. पॅकेट उघडून ‘हा नेटफ्लिक्स’ म्हणून कुणी थांबवण्याची इथे गरजच नव्हती. दार भरलेलं ठेवणं हाही कंपनीचाच निर्णय असतो आणि ग्राहकाची तक्रार रास्तच होती. पण तक्रार करताना दोष कुठला हे अचूक सांगावं लागतं, नाहीतर कंपनी ‘आम्ही कुठलीही सेवा ओळखून अडवत नाही’ एवढं खरं उत्तर देऊन मोकळी होते.

जुलै २०१७ मध्ये उलट घडलं. व्हेरायझनच्या मोबाइल ग्राहकांना नेटफ्लिक्सच्या fast.com वर वेग १० एमबीपीएसच्या आसपास अडलेला दिसला. इतर चाचण्यांत तो कितीतरी जास्त होता आणि व्हीपीएन लावताच अडसर जायचा. fast.com नेटफ्लिक्सच्या व्हिडिओ सर्व्हरवरूनच माल ओढतं, त्यामुळे जाळ्याला ती चाचणी व्हिडिओच वाटते. व्हिडिओ कुलूपबंद असला तरी जोडणीच्या सुरुवातीला सर्व्हरचं नाव सहसा उघड्यावर जातं, आणि यंत्रणा तेच वाचते. व्हिडिओवर चाचण्या चालू असल्याचं कंपनीने मान्य केलं.

वाट न बदलता फक्त ओळख बदलण्याचा उपाय संशोधकांनी काढला. जर्मनीतल्या माक्स प्लांक संस्थेच्या ‘ग्लासनोस्ट’ने २००८ मध्ये त्याच सर्व्हरवरून एकदा टॉरंटसारखी आणि एकदा निरर्थक बाइट्सची वाहतूक पाठवून तुलना केली. नॉर्थईस्टर्न विद्यापीठाच्या डेव्हिड चॉफ्नेस यांच्या गटाचं ‘वेही’ हे अॅप व्हिडिओसेवांसाठी असंच करतं: नोंदवलेली वाहतूक जशीच्या तशी, मग तीच ओळखू येणार नाही अशी बदलून.

घरी करायचं असेल तर संगणक केबलने राउटरला जोडा आणि चार आकडे घ्या: सर्वसाधारण स्पीड टेस्ट आणि fast.com, दोन्ही व्हीपीएनशिवाय आणि व्हीपीएनसह. आलटूनपालटून तीन वेळा, एकदा रात्री नऊला, एकदा पहाटे सहाला. समजा १०० एमबीपीएसच्या जोडणीवर साधी टेस्ट ९४, fast.com १०, आणि व्हीपीएनसह दोन्ही ८० च्या आसपास आले. पहाटेही ते १० हलले नाहीत, तर ती बांधलेली मर्यादा आहे, आणि सेवा ओळखून लावल्याचा संशय पक्का होतो. पहाटे ९० आणि रात्री कधी ७, कधी २२, तर ती सीमेवरची गर्दी असण्याची शक्यता जास्त. व्हीपीएनसह साधी टेस्टही २० वरच थांबली, तर व्हीपीएनचा सर्व्हरच तोकडा आहे आणि तुलनेला अर्थ नाही.

भारतात आणखी एक अडचण आहे. सर्ट-इन या सरकारी सायबरसुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या आदेशाने व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांच्या नोंदी ठेवणं बंधनकारक केलं, तेव्हा अनेकांनी इथले सर्व्हर हटवले. यादीतला ‘भारत’ सर्व्हर प्रत्यक्षात सिंगापुरात असू शकतो. पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ, पाहा: मुंबई किंवा पुण्याहून ५० मिलिसेकंदांच्या वर गेला, तर तो बहुधा देशाबाहेर आहे. शिवाय यूट्यूब, नेटफ्लिक्सचा साठा अनेकदा तुमच्या कंपनीच्याच आवारात असतो, व्हीपीएन तो टाळून लांबून माल आणतो. म्हणून व्हीपीएनने व्हिडिओ हळू झाला, तर अडवणूक नाही असं त्यावरून ठरत नाही.

टॉरंट तपासताना लिनक्सची लोकप्रिय आयएसओ फाइल घ्या. व्हीपीएनवर बाहेरून येणारा पोर्ट सहसा बंद असतो, जोडीदार कमी मिळतात, त्यामुळे अपलोडचा आकडा तुलनेत धरू नका. सेवा ओळखून वेग कमी करायला भारतात दूरसंचार विभागाने जुलै २०१८ मध्ये मान्य केलेल्या तत्त्वांनुसार मनाई आहे, वाहतुकीच्या वाजवी व्यवस्थापनाचा अपवाद सोडून. तक्रारीत चारही आकडे, तारीख, वेळ आणि व्हीपीएन सर्व्हरचं शहर लिहा.